प्लेटा ५०० नेल्या, आल्या ४८७, फुटलेल्या ८: केटरिंगच्या भांड्यांचा हिशोब दरवेळी का बसत नाही

लग्नाचा सीझन लागला की आपल्या धंद्यातला हा त्रास दर कार्यक्रमाला ठरलेला. निघताना मोजून नेलेला माल परत आल्यावर कमी भरतो, आणि फुटलेल्या तुकड्यांची बेरीज त्या कमीपणाला पुरत नाही. मग यजमानाला फोन जातो. तिकडून उत्तर येतं, "आमच्याइथून तं सगळं गेलं भाऊ, चमचे का आमी घरी ठेवले?" अनामतीतून पैसे कापले की नातं तुटतं, नाही कापले की सीझनअखेर निम्मी भांडी नव्यानं घ्यावी लागतात.

आर्वी, कारंजा, आष्टीकडच्या गावांमध्ये काम करणाऱ्यांना समोर धरून लिहितो. इथं लग्न लॉनवर कमी आणि घरापुढच्या मांडवात, शाळेच्या पटांगणात किंवा समाजभवनात जास्त. भांडी धुवायला नळ असेलच असं नाही, टँकर असतो. म्हणून शहरातल्या हॉटेलातले उपाय इथं जसेच्या तसे चालत नाहीत.

एकूण किती माल कमी आला हा आकडा सुरुवातीला बाजूला ठेवा. कमी काय आलं ते पाहा. चमचे कमी येण्याचं कारण वेगळं, वाट्या कमी येण्याचं वेगळं, आणि प्लेटा कमी येण्याचं त्याहून वेगळं. तूट कोणत्या वस्तूची आहे यावरून माल कुठं गेला ते बहुतेकदा कळतं.

फक्त चमचे कमी आहेत

तर ते उष्ट्याच्या ड्रममध्ये आहेत. चोरीचा संशय घेण्याआधी ड्रम पाहा. १ जुलै २०२२ पासून एकदा वापरून फेकायचे प्लास्टिकचे चमचे, प्लेटा, ग्लास देशभर बंद झाले. त्यामुळे ज्या मांडवात प्लास्टिक चालायचं तिथंही आता स्टीलचा चमचा द्यावा लागतो, पण जेवणाऱ्याचा हात अजून फेकायच्याच सवयीचा आहे. बुफे असेल तर माणूस प्लेट ड्रमवर पालथी करतो आणि भातासोबत चमचा आत जातो. पंगत असेल आणि खाली पळसाची पत्रावळ असेल तर आणखी अवघड, कारण माणूस जेवण झाल्यावर पत्रावळ दुमडतो आणि चमचा, कधी कधी वाटीसुद्धा, तिच्यातच गुंडाळली जाते.

यावर एकच उपाय खरा चालतो. ड्रमपाशी एक माणूस बसवायचा आणि त्याला रात्रभर दुसरं काम सांगायचं नाही. पाहुण्याच्या हातातून प्लेट त्यानं घ्यायची, चमचा पाण्याच्या बादलीत टाकायचा, वाटी क्रेटमध्ये, आणि मग उष्टं ड्रममध्ये झटकायचं. ड्रमच्या तोंडावर लोखंडी जाळी टाकली तर सुटलेला चमचा वरच अडकतो. वाळू चाळायची जाड जाळी पुरते, पोळीचे तुकडे हातानं ढकलावे लागतात एवढंच. या माणसाची मजुरी जड वाटते, पण गर्दीच्या वेळी पहिला तासभर तो नसला की काय होतं ते चमच्यांच्या बादलीवरून लगेच दिसतं.

लोहचुंबकाचा उपाय बरेच जण सांगतात. तो करण्याआधी आपल्या चमच्याला चुंबक लावून पाहा. बाजारात दोन्ही प्रकारचे चमचे मिळतात, काहींना चुंबक घट्ट धरतो, काहींना अजिबात नाही. तुमचा माल दुसऱ्या प्रकारचा असेल तर ड्रमवर कितीही चुंबक फिरवा, हाती काही लागणार नाही. पुढच्या खरेदीला मात्र चुंबक धरणारा चमचा घेणं सोयीचं.

आणि एक गोष्ट, जी हिशोबाच्या बाहेरची आहे. गावात उष्टं गुरांपुढे टाकतात. त्यात चमचा, खिळा, तार गेली की गाय ती चावत बसत नाही, सरळ गिळते, आणि ते पोटात टोचून जनावर आजारी पडतं. ड्रम उकिरड्यावर किंवा गोठ्यात जाण्याआधी तपासायचं हेही कारण आहे.

वाट्या, ग्लास आणि काही प्लेटा कमी आहेत

हा माल मांडवाबाहेर गेलेला असतो, आणि बहुतेकदा कोणी चोरलेला नसतो. पहिली जागा जानोसा. वरपक्षाची म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या बाया, उन्हानं थकलेले पाहुणे जानोशातच जेवतात. त्यांच्यासाठी यजमानाचा पुतण्या ताटं वाढून नेतो, ती परत आणायचं काम कोणाचंच नसतं. दुसरी जागा यजमानाचं स्वयंपाकघर. घरातल्या बायका शेवटी जेवतात, भाजी वाटीत झाकून ठेवतात, शेजारच्या आजारी आजीला डब्याऐवजी वाटीतून वरण-भात जातो. तिसरी जागा बँडवाले, डीजेवाले आणि गाड्यांचे ड्रायव्हर. ते ट्रॅक्टरपाशी, गाडीच्या मागं बसून जेवतात आणि प्लेट चाकाशी ठेवून उठतात.

हा माल दुसऱ्या दिवशी मागितला तर मिळत नाही, कारण तोवर जानोशाची शाळा झाडून झालेली असते आणि घरातल्या भांड्यांत तुमची वाटी मिसळलेली असते. त्याच रात्री विचारलं तर दहा मिनिटांत मिळतो. त्यासाठी मांडवाबाहेर जाणाऱ्या जेवणाला वेगळी भांडी ठेवणं सगळ्यात बरं. जुन्या स्टीलच्या ताटांचा एक क्रेट त्यासाठी काढून ठेवायचा आणि कुठं किती गेली ते क्रेटच्या झाकणावरच खडूनं लिहायचं: जानोसा १५, बँड १२, घर १०. परत आली की खोडायचं.

तूट २५ किंवा ५० ची आहे

इतका गोल आकडा आला तर हरवलेलं काही नसतं. एखादी गड्डी धुण्याच्या जागी, टेम्पोच्या ताडपत्रीखाली किंवा मांडवाच्या कनातीमागे राहिलेली असते. किंवा एक गड्डी मोजताना दोनदा धरली गेलेली असते.

गड्ड्यांबद्दल आणखी एक. आपण "वीस गड्ड्या, म्हणजे ५००" असं मोजतो. पण प्रत्येक गड्डीत खरंच २५ आहेत का हे कोण पाहतं? बिछायत केंद्रातून माल उचलताना तर हे नक्की पाहावं. चोवीसची गड्डी पंचविसाची म्हणून सही करून घेतली की ती एक प्लेट परत देताना तुमच्या खात्यावर पडते. स्टीलच्या वाट्या ओल्या असताना एकमेकींत इतक्या घट्ट बसतात की दोन वाट्यांचा काठ एकच दिसतो. म्हणून वाट्यांची चळत उभी मोजू नये. ती आडवी टेकवायची आणि काठांवरून अंगठ्याचं नख फिरवत जायचं. नख जितक्यांदा अडकतं तितक्या वाट्या. ही मोजणी डोळ्यांपेक्षा भरवशाची आहे, आणि रात्री दीड वाजता लाईट गेल्यावरही करता येते.

प्लेटांसाठी काठी चालते. पंचवीस चांगल्या प्लेटा रचा, शेजारी लाकडी पट्टी उभी धरा, वरच्या काठाशी खूण करा. मग प्रत्येक चळत त्या पट्टीला लावून पाहायची. एक प्लेट कमी असली तरी काठ खुणेच्या खाली दिसतो. मात्र पट्टी एका बनावटीच्या प्लेटांनाच लागू पडते, दुसऱ्या कंपनीची प्लेट मध्ये घुसली की खूण चुकते.

चमचे मोजायला काटा वापरा. आपल्याकडे किराण्यासाठी इलेक्ट्रॉनिक काटा असतोच. कोरडे शंभर चमचे मोजून वजन लिहून ठेवायचं. समजा २ किलो १०० ग्रॅम भरले, म्हणजे एक चमचा २१ ग्रॅमचा. परत आलेला ढीग १३ किलो ४६० ग्रॅम भरला तर ते ६४१ चमचे झाले. चमचे ओले किंवा दोन बनावटीचे असतील तर हा हिशोब फसतो, आणि कोरड्या ढिगातही तीन-चार चमच्यांचा फरक फरक म्हणून धरू नये.

प्रत्येक कार्यक्रमाला थोडीथोडी, जवळपास सारखीच तूट

इथं दोष यजमानाचा नाही, निघतानाच्या आकड्याचा आहे. गोडाऊनच्या वहीत प्लेटा ५०० लिहिलेल्या असतात, कारण घेतल्या तेव्हा ५०० होत्या. प्रत्यक्षात मागच्या कार्यक्रमात चार फुटल्या, दोन कुठंतरी राहिल्या, आणि आज गाडीत ४९४ चढल्या. आजचा यजमान मागच्याची तूट भरतो आणि त्याला ते जाणवतं, म्हणूनच तो भांडतो.

लागोपाठ तारखांना हे सगळ्यात जास्त होतं. साक्षगंध संपवून टेम्पो गोडाऊनला न येता सरळ दुसऱ्या गावच्या हळदीला जातो. धुतलेला माल, न धुतलेला माल एकत्र, मोजणी नाहीच. अशा वेळी सगळं मोजत बसणं शक्य नसतं हे मान्य. म्हणून बांधलेल्या क्रेटची पद्धत ठेवावी. प्रत्येक क्रेटमध्ये ५० प्लेटा मोजून भरायच्या, वरून लाल सुतळी बांधायची आणि गाठीत आकड्याची चिठ्ठी अडकवायची. ज्या क्रेटची सुतळी सुटली नाही तो मोजायचा नाही. आठशे माणसांचं जेवण असलं तरी धुणं चालू असतं, त्यामुळे सगळे क्रेट उघडावे लागत नाहीत. उघडलेले तेवढेच मोजायचे, पुन्हा पन्नास भरायचे, सुतळी बांधायची आणि मगच गाडी दुसऱ्या गावाला सोडायची. कमी पडलेल्या प्लेटा पहिल्या यजमानाच्या कागदावर तिथंच लिहून होतात.

फुटलं खरं, पण कोणाकडून?

खरा वाद इथं होतो. मेलामाइनची प्लेट चिनी मातीसारखी चटकन फुटत नाही, पण काठाला टवका उडतो, तडा जातो. परत आलेली टवक्याची प्लेट यजमानाच्या नावावर लिहायची की ती आधीपासून तशी होती?

प्लेट उजेडात धरून टवक्याच्या आतला भाग पाहा. ताजा टवका पांढराशुभ्र असतो. जुन्या टवक्यात हळद मुरलेली असते. वरणाचा, भाजीच्या रश्श्याचा पिवळा रंग मेलामाइनच्या तड्यात बसला की साबणानं जात नाही. तेव्हा पिवळी कड म्हणजे जुनी इजा. यजमानासमोर दोन प्लेटा शेजारी ठेवून दाखवल्या की वाद तिथंच मिटतो, आणि पिवळी प्लेट आपली आपण सोडून दिली की पांढरीचे पैसे तो कुरकुर न करता देतो.

पूर्ण फुटलेल्या प्लेटेचे तुकडे टाकून देऊ नका, एका पोत्यात जमा करा. तुकड्यांवर उष्टं वाळलेलं असेल तर प्लेट जेवणात फुटली. तुकडे धुतलेले, स्वच्छ असतील तर धुताना किंवा रस्त्यात फुटली. क्रेटच्या अगदी तळाशी, वरच्या प्लेटांच्या दाबानं तडकलेली असेल तर ती गावरस्त्याच्या खड्ड्यांनी आणि आपल्या रचण्यानं फुटली. क्रेटच्या तळाला गोणपाटाची घडी टाकली की हे बरंच कमी होतं. वाढप्याच्या हातून ट्रे पडला तर तो खर्च आपला. बऱ्याच ठिकाणी तोही यजमानाच्या बिलात चढतो, आणि गावात ते लपून राहत नाही, कारण ट्रे पडल्याचा आवाज सगळ्या मांडवानं ऐकलेला असतो.

मोजायचं कधी

शेवटची गाडी भरण्याआधी, मांडवातच, यजमानाच्या एका माणसासमोर. गोडाऊनला जाऊन सकाळी केलेल्या मोजणीला यजमानाच्या दृष्टीनं काही किंमत नाही, आणि त्याचं बरोबरच आहे. रात्रभर माल तुमच्या ताब्यात होता.

यजमान स्वतः त्या रात्री मोजायला बसणार नाही, त्याच्या घरी लेकीची पाठवणी चालू असते. म्हणून बुकिंगच्या वेळीच विचारून ठेवायचं, "काकाजी, भांडी मोजताना तुमच्याकडून कोण राहील?" एक नाव घ्यायचं, कागदावर लिहायचं. बहुतेक घरात असा एखादा जावई किंवा मोठा भाचा असतोच, हिशोबाला पक्का. सुरुवातीच्या मोजणीलाही तोच हजर असावा, मांडवात माल उतरवताना. फक्त शेवटी बोलावलं तर सुरुवातीचा आकडा तो मानेलच कशाला?

आता एक लग्न धरून हिशोब करू. माल उतरवला तेव्हा भाच्यासमोर ५०० प्लेटा, ७०० चमचे. शेवटची पंगत उठल्यावर प्लेटा मोजल्या: धड ४६८, टवका किंवा तडा असलेल्या ११, फुटलेल्या ८. बेरीज ४८७, म्हणजे १३ दिसत नाहीत. चमचे काट्यावर ६४१, म्हणजे ५९ कमी.

गोडाऊनला जाऊन हाच हिशोब केला असता तर ११, ८ आणि १३ मिळून ३२ प्लेटांचे १२० रुपयांप्रमाणे ३,८४० आणि ५९ चमचांचे १२ रुपयांप्रमाणे ७०८, असे ४,५४८ रुपये यजमानाच्या माथी बसले असते. मोजणी मांडवातच असल्यामुळे पुढचं करता आलं. जानोशात माणूस पाठवला, ६ प्लेटा मिळाल्या. बँडच्या गाडीपाशी ४. राहिल्या ३. ड्रम ताडपत्रीवर उपडा करून फावड्यानं पसरला, त्यात ३८ चमचे निघाले, राहिले २१. टवक्याच्या ११ प्लेटांपैकी ९ ची कड पिवळी होती, त्या सोडल्या, नव्या २. फुटलेल्या ८ पैकी ३ वाढप्याच्या ट्रेमधल्या, त्या आपल्या. यजमानाकडच्या ५.

कागदावर आधीच लिहिलं होतं की शंभर प्लेटांमागे एक फूट माफ, आणि शंभर चमच्यांमागे दोन माफ. ५०० प्लेटांवर ५ माफ, तेव्हा ५ फुटलेल्या आणि २ टवक्याच्या अशा ७ मधून २ उरल्या. त्यात न सापडलेल्या ३ मिळवल्या, कारण हरवलेल्या प्लेटेला माफी नाही. ५ प्लेटांचे ६००. चमच्यांतून १४ माफ, ७ चे ८४. एकूण ६८४ रुपये. भाच्यानं सही केली, अनामतीतून ६८४ वजा करून उरलेली रक्कम त्याच वेळी परत केली.

दर आणि कागद

वरचा १२० चा दर नव्या प्लेटेचा नाही. नवी समजा १५० ला पडते, पण फुटली ती दोन सीझन वापरलेली. वापरलेल्या वस्तूला नव्याची पूर्ण किंमत मागितली की यजमान बाजारभाव काढतो आणि पुढच्या लग्नाला दुसरा केटरर शोधतो. वस्तूनिहाय दर बुकिंगच्या कागदावर आधीच छापलेला असला पाहिजे. बिल करताना सांगितलेला दर म्हणजे भांडणाला आमंत्रण.

काही जण "एक प्लेट फुटली तर ५०० दंड" असं लिहितात. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ नुसार करारात रक्कम लिहिली असली तरी तेवढी मिळेलच असं नाही. वाजवी भरपाईच मिळते, लिहिलेली रक्कम ही फक्त वरची मर्यादा. त्यामुळे फुगवलेला दंड धाक म्हणूनही फारसा उपयोगाचा नाही. दुसरीकडे, वाढपी न देता नुसती भांडी भाड्यानं देत असाल तर कागद हवाच. त्याच कायद्याच्या कलम १५२ प्रमाणे, वेगळा करार नसेल आणि घेणाऱ्यानं सर्वसाधारण काळजी घेतली असेल, तर फुटतुटीची जबाबदारी त्याच्यावर येत नाही. एका ओळीचा मजकूर पुरतो: न आलेल्या आणि फुटलेल्या भांड्यांची भरपाई खालील दराने घेणारा देईल. खाली दर, खाली सही.

तेरवीच्या जेवणाला हे सगळं सैल सोडावं, असं माझं मत. मोजणी करायची, पण गुपचूप, आपल्या माणसांतच. घरात माणूस गेलेला असताना सात चमच्यांचे ८४ रुपये मागणारा केटरर गावात वर्षभर लक्षात राहतो.

दुसऱ्याची भांडी मिसळली तर

कधी मोजणी जास्तही भरते. ५०० नेल्या आणि ५०६ आल्या, तर आनंद मानू नका. बिछायत केंद्रातून जादा आणलेल्या प्लेटा तुमच्यात आल्या आहेत, आणि तुमच्याही काही तिकडे गेल्या असतील. पांढरी प्लेट पांढऱ्या प्लेटेसारखीच दिसते. स्टीलच्या भांड्यावर नाव कोरून घेणं जुनंच आहे, ते चमच्याच्या दांड्यालाही करून घ्यावं, दोन अक्षरं पुरे. मेलामाइनला कोरू नये, तिथूनच तडा सुरू होतो आणि हळद बसते. तेव्हा पुढच्या खरेदीत काठाला रंगीत रेघ असलेली प्लेट घ्या, जी आसपासच्या कोणाकडे नाही. तोवर भाड्याचा माल एका वेगळ्या काउंटरवरच लावा आणि त्याचं धुणं वेगळ्या टबात ठेवा. भाड्याच्या प्लेटा परत देताना त्यांच्या गोडाऊनमध्ये त्यांच्या माणसासमोर गड्डी सोडून मोजा, आणि सही घेतल्याशिवाय टेम्पो वळवू नका.